‘गेला’ कुठून आला? धातूंच्या रूपावलीमागचा इतिहास

‘जाणे’ हे क्रियापद चालवून पाहिलं की ‘जातो’, ‘जाईन’, ‘जाऊन’ अशी रूपं ‘जा’पासून सरळ येतात आणि मध्येच ‘गेला’ समोर येतं. ‘जा’ संस्कृत ‘या’ धातूचा वारस, तर ‘गेला’ ‘गत’चा. दोन वेगळ्या धातूंनी मिळून एक क्रियापद पूर्ण केलं आहे. ‘होणे’चं ‘झाला’ही असंच, ते ‘जात’ (जन्मलेला) यातून आलं, आणि जुन्या मराठीत ‘जाला’ असंच दिसतं. या प्रकाराला सप्लिशन म्हणतात. हेर्मान ओस्टहोफ या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने 1899 मध्ये इंडो-युरोपीय भाषांतल्या अशा रूपांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला.

ही गोष्ट पाणिनीच्या नजरेतून सुटलेली नव्हती. ‘अस्तेर्भूः’ या सूत्राने तो ठरावीक प्रत्ययांपूर्वी ‘अस्’च्या जागी ‘भू’ आणतो. महत्त्वाचं म्हणजे आदेश, म्हणजे मूळ धातूच्या जागी येणारं रूप, हा त्या धातूसारखाच मानायचा, असंही तो सांगतो. रूप बदललं तरी व्याकरणातली जागा तीच राहते, हा विचार तिथेच आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकन संरचनावाद्यांनी मात्र शब्दाचे अर्थवाहक तुकडे, म्हणजे रूपिका, पाडायला सुरुवात केली. प्रत्येक तुकड्याला एक अर्थ, आणि तुकड्यांच्या बेरजेतून शब्द. इंग्रजीत ‘टेक’च्या ‘टुक’ या भूतकाळी रूपात भूतकाळाचा तुकडा दाखवता येईना, तेव्हा कुणी शून्य प्रत्यय मानला, कुणी स्वरबदलालाच रूपिका म्हटलं. चार्ल्स हॉकेट यांनी 1954 च्या लेखात हे पर्याय एकेक करून तपासले. शब्द आणि रूपावली यांवर उभी असलेली जुनी पद्धतही त्यांनी तिथे नोंदवली, पण तिच्या तपशिलात ते शिरले नाहीत. 1959 मध्ये आर. एच. रॉबिन्स यांनी तिची बाजू मांडली आणि 1972 मध्ये पी. एच. मॅथ्यूज यांनी लॅटिन क्रियापदांवर ती काटेकोरपणे उभी केली.

रूपावली मानणारा रूपाचे तुकडे आधी पाडत नाही. तो आधी घर ठरवतो (काळ, पुरुष, वचन, लिंग) आणि मग त्या घरात कोणतं रूप बसतं ते सांगतो. याचा फायदा ‘गेला’मध्येच दिसतो. ‘गे’ म्हणजे भूतकाळातलं ‘जाणे’ असं म्हणावं, तर ‘तो उद्या गेला तर मला कळव’ या वाक्याचं काय? ‘उद्या गेल्यास’, ‘गेल्याशिवाय’ यांतही भूतकाळ नाही. ‘गे’ जिथे येतो त्या सगळ्या रूपांत समान अर्थ सापडत नाही. समान आहे ती फक्त ‘ल’ लागणारी जागा. आणि नेमक्या त्याच जागांवर ‘करणे’चं ‘के’ होतं (केला, केल्यास), ‘येणे’चं ‘आ’ (आला, आल्यास), ‘होणे’चं ‘झा’ (झाला, झाल्यास). म्हणजे अनियमितता शब्दागणिक विखुरलेली नाही. रूपावलीत एक ठरलेला कप्पा आहे, प्रत्येक धातू तो आपापल्या परीने भरतो. मराठी व्याकरणकारांनी ‘त’ आणि ‘ल’ लागणाऱ्या रूपांना ‘ताख्यात’, ‘लाख्यात’ अशी नावं अर्थावरून न देता रूपावरून दिली, ती मला म्हणूनच फार नेमकी वाटतात. मार्क ॲरोनॉफ यांनी 1994 मध्ये अशा निव्वळ रूपात्मक कप्प्यांना सिद्धान्तात स्वतंत्र स्थान दिलं.

दुसरी अडचण उलट दिशेची आहे, अनेक घरांत एकच रूप. तिला सिंक्रेटिझम म्हणतात. ‘जातो’ घ्या: मी जातो (पुरुष बोलत असताना), तो जातो, आणि आम्ही जातो, मग बोलणाऱ्या बायका असल्या तरी. या तिन्हींना सामावणारा आणि ‘तू’, ‘तुम्ही’, ‘ते’ यांना वगळणारा एकच अर्थ ‘-ओ’ला देता येत नाही. पण भूतकाळ शेजारी ठेवला की उलगडा होतो: मी गेलो, आम्ही गेलो, पण तो गेला. ‘असणे’तही तेच: मी होतो, आम्ही होतो, तो होता. ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांची जोडी दोन्ही काळांत टिकते, ‘तो’ मात्र फक्त वर्तमानकाळात त्यांना येऊन मिळतो. पहिली जुळणी नियमाची, दुसरी एका काळापुरती. भविष्यात ‘जाईन’ आणि ‘जाऊ’ वेगळेच असतात, तेव्हा त्या नियमालाही मर्यादा आहे. रूपावलीच्या मांडणीत नियम थेट लिहिता येतो: या दोन काळांत ‘आम्ही’च्या घराने ‘मी’च्या पुल्लिंगी घरातलं रूप घ्यावं. एका घराने दुसऱ्याकडे बोट दाखवण्याचा हा नियम अर्नोल्ड झ्विकी यांनी 1985 मध्ये मांडला, आणि ग्रेगरी स्टम्प यांनी 2001 च्या ग्रंथात तो औपचारिक चौकटीत बसवला.

रूपिकावाले गप्प बसले नाहीत. 1993 मध्ये हॅले आणि मारान्झ यांनी मांडलेल्या प्रारूपात काही व्याकरणिक वैशिष्ट्यं आधीच गाळून अशी जुळणी साधता येते: बहुवचनी प्रथमपुरुषातलं लिंग गाळलं की ‘आम्ही’ला ‘-ओ’ मिळतो. मराठीपुरतं हे चालतं. पण गाळल्यावर उरलेल्या वैशिष्ट्यांना बसणारा प्रत्ययच मिळू शकतो, त्यामुळे दोन घरांत अर्थाचा काहीच दुवा नसताना रूप एक असेल तर ही युक्ती अडते. बोट दाखवणाऱ्या नियमाला ती अट नाही. त्यावर विरोधकांचा आक्षेपही रास्त आहे: या नियमाने काहीही काहीशीही जोडता येईल. त्याला लगाम कुठे घालायचा, यावर वाद अजून चालू आहे.