व्हीपीएन पत्त्यांवरील निर्बंध

व्हीपीएन वा प्रॉक्सी अशा मध्यस्थ सर्व्हरमार्फत आलेली जोडणी ओळखून आशय न दाखवण्याची स्ट्रीमिंग सेवांची पद्धत. प्रसारणहक्क देशनिहाय विकले जातात, त्यातून ती रूढ झाली. व्यापक वापर साधारणतः २०१५-१६ पासूनचा मानतात; नेटफ्लिक्सने तो जानेवारी २०१६ मध्ये जाहीर केला. ती सेवा भारतात आली, तोही हाच महिना.

व्हीपीएनचे कूटबद्ध दळणवळण सेवेला दिसत नाही. तिच्यापर्यंत पोहोचतो तो व्हीपीएन सर्व्हरचा आयपी पत्ता, आणि पत्त्याचा मालक सार्वजनिक नोंदींत सापडतो. कोथरूडमधील बीएसएनएल ग्राहकाचा पत्ता या नोंदी दाखवणाऱ्या `whois` मध्ये पाहिल्यास AS9829 हा बीएसएनएलच्या जाळ्याचा क्रमांक दिसतो. त्याच ग्राहकाने लंडनचा व्हीपीएन सर्व्हर निवडला, की पत्ता सहसा सर्व्हर भाड्याने देणाऱ्या डेटा सेंटर कंपनीचा निघतो. घरगुती प्रेक्षक डेटा सेंटरमध्ये बसून मालिका पाहत नाही, एवढा तर्क पुष्कळदा पुरतो. याखेरीज पत्त्यांच्या याद्या विकणाऱ्या कंपन्या व्हीपीएनचे वर्गणीदार होऊन एकेक सर्व्हर जोडून पाहतात आणि बाहेर दिसणारा पत्ता टिपून ठेवतात.

व्हीपीएनच्या अनेक ग्राहकांचा सामायिक पत्ता का अडतो, याविषयी दोन मते आढळतात. एका पत्त्यावरून अनेक खाती चालणे हेच कारण, असे एक मत. ते अपुरे वाटते. पुण्यातील अनेक ब्रॉडबँड व मोबाइल ग्राहकही सीजीनॅट या दूरसंचार कंपनीच्या व्यवस्थेमुळे एकच सार्वजनिक पत्ता वाटून घेतात (राउटरच्या वॅन पानावर 100.64 ते 100.127 ने सुरू होणारा पत्ता दिसल्यास ही व्यवस्था ओळखावी), तरी ते सरसकट अडत नाहीत. त्यांची खाती बहुतांशी एकाच देशातील असतात आणि पत्ता दूरसंचार कंपनीचा असतो. व्हीपीएनच्या पत्त्यावर मात्र पुणे, साओ पाउलो, टोरांटो येथील खाती एकाच वेळी लंडनमध्ये उगवतात. संख्येपेक्षा हे मिश्रण आणि जाळ्याचा प्रकार निर्णायक, हे दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते. नेमके निकष सेवा उघड करत नाहीत. पत्ता एकदा यादीत गेला की त्यावरचे सगळेच ग्राहक अडतात, निव्वळ सुरक्षिततेसाठी व्हीपीएन वापरणारेही.

नेटफ्लिक्सवर नकाराची खूण म्हणजे M7111-5059 हा संकेत. काही वेळा संदेश न येता केवळ जागतिक हक्क असलेली शीर्षके उरतात. ऑगस्ट २०२१ मध्ये काही सामान्य घरगुती ग्राहकांनाही असा तुटपुंजा संग्रह दिसल्याच्या तक्रारी झाल्या. व्हीपीएन पुरवठादार घरगुती पत्त्यांमार्फत दळणवळण वळवू लागल्याने ते पत्तेही अडवले गेले, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात येते.

स्वतंत्र, न वाटलेला व्हीपीएन पत्ता घेतल्यास खात्यांचे मिश्रण टळते. तो डेटा सेंटरच्याच जाळ्यातील असल्यास जाळ्याचा मालक पाहणाऱ्या पहिल्या चाचणीत तरीही अडकू शकतो.