अंडकोशाला मार: काळानिळा पडलेला आणि आतून फुटलेला

खेळताना किंवा पडताना अंडकोशाला मार लागलेले मुलगे सोनोग्राफीच्या टेबलावर येतात, तेव्हा बरेचदा सर्वाधिक घाबरलेले आईवडील सर्वांत साधी दुखापत झालेल्या मुलाचे असतात आणि खरोखर घाई करायला हवी होती असा मुलगा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, चालत, एकटा किंवा मित्राच्या गाडीवर बसून येतो. या उलट्या गणिताचे कारण असे की बाहेरून दिसणारी दुखापत आणि आतली दुखापत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या समोरासमोर ठेवण्यासाठी दोन मुलगे घेऊ. दोघेही मी पाहिलेल्या अनेक मुलांवरून रचलेले आहेत.

पहिला चौदा वर्षांचा. पावसात नागपूरच्या सक्करदऱ्याकडून घरी येताना सायकल घसरली आणि तो समोरच्या दांडीवर दोन्ही पाय टाकून आदळला. पंधरा-वीस मिनिटे तो रस्त्याच्या कडेला वाकून बसला, मग सायकल ढकलत घरी आला. रात्रीपर्यंत अंडकोशाची कातडी जाड झाली आणि तिसऱ्या दिवशी सगळा अंडकोश वांग्यासारखा जांभळा पडला, तो रंग मागे बैठकीच्या भागापर्यंत उतरला, तेव्हा आईने त्याला तडक उचलून आणले. दुखणे मात्र पहिल्या तासातच निवले होते आणि तो व्यवस्थित जेवत-झोपत होता.

दुसरा सतरा वर्षांचा, रविवारी सकाळी रेशीमबागच्या मैदानावर लेदरच्या चेंडूने खेळणारा. तो विकेटकीपर होता आणि उकाड्यामुळे एल-गार्ड न घालता उभा होता. चेंडू उजव्या बाजूला लागला, तो खाली बसला, उलटी झाली. "काही नाही होत बे, बरफ लाव," असे मित्रांनी सांगितले आणि अर्ध्या तासात दुखणे खरोखरच कमी झाले. दुपारी घरी त्याने "पोट दुखते" एवढेच सांगितले. हे खोटेही नव्हते, कारण वृषणाच्या वेदना ओटीपोटात जाणवतात, मात्र खरी जागा वडिलांसमोर सांगण्याचा संकोचही त्यात होताच. संध्याकाळपासून उजवी बाजू भरू लागली, रात्री दुखणे पुन्हा सुरू झाले. सोमवारी संध्याकाळी तो आला तेव्हा कातडीवर फारसा रंग नव्हता, फक्त उजवी बाजू गुळगुळीत, ताणलेली आणि लिंबाएवढ्या डाव्या वृषणाच्या मानाने बरीच मोठी होती.

दोघांमधला फरक अंडकोशाच्या थरांत आहे. कातडी आणि तिच्याखालचा सैल थर यांत रक्त साकळले तर रंग लगेच दिसतो, आणि तो थर सैल असल्याने रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली-मागे पसरत जाते. म्हणून पहिल्या मुलाचा रंग तिसऱ्या दिवशी वाढला, दुखापत वाढली नव्हती. वृषण मात्र त्याच्या आत, एका पातळ पिशवीत असते, आणि स्वतः वृषणाला एक पांढरे, चिवट कवच असते. ते सहजासहजी फाटत नाही. सुमारे 50 किलो वजनाएवढा जोर लागतो असे शस्त्रक्रियेच्या पुस्तकांत सांगितले जाते, पण वृषण मांडीच्या किंवा जघनास्थीच्या हाडावर चेपले गेले की वेगाने आलेला चेंडू, गुडघा किंवा कबड्डीतली टाच तेवढा जोर सहज लावते. उजवे वृषण बहुधा थोडे वर असल्याने हाडावर चेपले जाण्याची शक्यता त्याला अधिक. कवच फाटले की आतल्या शेवयांसारख्या बारीक नलिका बाहेर येऊ लागतात आणि रक्त त्या आतल्या पिशवीत भरते. ही पिशवी बंद असल्याने सूज एका बाजूला, घट्ट आणि गुळगुळीत होते, रंग मात्र बाहेर येईलच असे नाही.

घरी तपासताना म्हणून रंगापेक्षा स्पर्शाला महत्त्व द्यावे. मुलाने आडवे पडून आधी चांगल्या बाजूचे वृषण बोटांनी अलगद चाचपावे: ते गुळगुळीत, अंड्याच्या आकाराचे, मागच्या बाजूला मऊ पट्टा असलेले असते. मग दुखरी बाजू. कातडी कितीही जाड आणि काळी असली तरी आत त्याच आकाराचे वृषण वेगळे हाताला लागत असेल, तर बरीच काळजी कमी होते. वृषण वेगळे लागतच नसेल, सगळी बाजू एकच ताणलेला गोळा वाटत असेल, किंवा हात लावणेच सहन होत नसेल, तर तीच सोनोग्राफीची निकड आहे. हे एकदाच आणि हलक्या हाताने करावे, पुन्हा पुन्हा दाबून पाहू नये.

दुसरी खूण घड्याळात आहे. साध्या मुक्या मारात वेदना पहिल्या क्षणाला सर्वांत तीव्र असतात आणि मग सारख्या उतरत जातात, बहुतेक वेळा तासाभरात मुलगा सरळ उभा राहतो. एक-दोन तासांनंतरही वेदना तशाच असतील, किंवा निवून पुन्हा सुरू झाल्या असतील, किंवा सूज तासागणिक वाढत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. सुरुवातीची मळमळ वा एखादी उलटी दोन्ही प्रकारांत होऊ शकते, त्यामुळे तिच्यावरून काही ठरवता येत नाही. किती दुखते हा प्रश्नही फार उपयोगाचा नाही, कारण फुटलेल्या वृषणाचे दुखणे काही तास फसवे शांत होते, अगदी आपल्या विकेटकीपरसारखे.

येथे तिसऱ्या एका गोष्टीसाठी थांबावे लागते, कारण ती दोन्हींच्या वेशात येते. मार लागल्यानंतर, किंवा मार निमित्तमात्र ठरून, वृषणाच्या देठाला पीळ बसतो आणि रक्तपुरवठा बंद पडतो. हे वाढत्या वयातल्या मुलांत जास्त दिसते. चेंडू लागला होता हे आठवत असल्याने घरचे आणि कधी कधी डॉक्टरही सगळा दोष चेंडूला देतात. मार अगदी हलका असूनही वेदना जबर असणे, वारंवार उलट्या होणे आणि दुखऱ्या बाजूचे वृषण वर ओढून आडवे झालेले दिसणे या त्याच्या खुणा आहेत. येथे साधारण सहा तासांचा हिशेब असतो, त्यानंतर वृषण वाचण्याची शक्यता झपाट्याने घटते. म्हणून पिळाचा ठाम संशय असेल तर शल्यचिकित्सक सोनोग्राफीची वाट न पाहताही शस्त्रक्रियेला घेतात, आणि ते बरोबरच असते.

सोनोग्राफीत नेमके काय पाहतात, ते सांगितले तर मुलाची भीती कमी होते. मांडीमध्ये टॉवेलची घडी ठेवून अंडकोश वर टेकवला जातो, त्यावर कोमट जेल आणि हलक्या हाताने फिरणारा छोटा प्रोब. सुरुवात नेहमी चांगल्या बाजूने करावी, कारण त्या मुलाचे निरोगी वृषण कसे दिसते हे आधी ठरवावे लागते. निरोगी वृषण पडद्यावर बारीक, एकसारख्या करड्या दाण्याचे आणि कडेला पांढऱ्या रेषेने बांधलेले दिसते. आपल्या सायकलवाल्या मुलाची दोन्ही वृषणे तशीच होती, कातडीचा थर तेवढा फुगलेला होता, आणि डॉप्लरच्या रंगात दोन्हींकडे रक्त सारखेच वाहत होते. विकेटकीपरच्या उजव्या बाजूला मात्र दाणा एकसारखा राहिला नव्हता, काळे-पांढरे चट्टे होते आणि वृषणाची गोल कड एका जागी विस्कटून बाहेर सांडल्यासारखी झाली होती. खुद्द कवचाची चीर क्वचितच स्पष्ट दिसते. विस्कटलेली कड आणि बिघडलेला पोत एकत्र दिसले की तेवढ्यावर कवच फाटल्याचे धरले जाते.

या तपासणीची मर्यादाही आहे आणि आमच्याच व्यवसायातले लोक ती पुरेशी सांगत नाहीत. नुकतेच साकळलेले रक्त पडद्यावर वृषणासारखेच करडे दिसू शकते, आणि मोठ्या गुठळीखाली पांढरी रेषा झाकली जाते. त्यामुळे अहवालात "कवच अखंड वाटते" असे लिहिलेले असले, पण बाजू ताणलेली असेल आणि वृषण हाताला लागत नसेल, तर अहवाल हातात घेऊन घरी जायचे नसते. पिशवीतले रक्त इतके असेल की सूज दुसऱ्या बाजूच्या वृषणाच्या तिप्पट किंवा जास्त झाली आहे, तर कवचाबद्दल खात्री नसतानाही बहुधा उघडून पाहण्याचाच सल्ला दिला जातो.

विकेटकीपरला त्याच रात्री शस्त्रक्रियेला घेतले. गुठळ्या काढल्या, बाहेर आलेल्या आणि रंग बदललेल्या नलिका छाटल्या, उरलेल्या आत घेऊन कवच बारीक, विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवले. मार लागल्यापासून साधारण 36 तास झाले होते. फुटलेले वृषण पहिल्या 72 तासांत शिवले तर दहातली आठ-नऊ वाचतात, उशीर झाला तर जवळजवळ निम्मी काढून टाकावी लागतात. म्हणजे रविवारी सकाळी न येणे त्याला परवडले, पण आणखी दोन दिवस "पोट दुखते" परवडले नसते.

सायकलवाल्याला काय सांगितले? कपड्यात गुंडाळलेला बर्फ, एका वेळी पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून तीन-चारदा. घट्ट चड्डी किंवा लंगोट, ज्याने अंडकोश लोंबत राहणार नाही. दुखले तर पॅरासिटामॉल. आणि रंग पिवळट होऊन जाईपर्यंत, साधारण दोन आठवडे, खेळ बंद. घरी आजीने तेल लावून चोळायचे ठरवले होते, ते थांबवावे लागले, कारण पहिल्या दिवसांत चोळणे आणि शेकणे दोन्हींनी रक्त पुन्हा सुटते. दांडीवर पडलेल्याला एक प्रश्न आणखी विचारावा: लघवी झाली का आणि तीत किंवा चड्डीवर रक्त दिसले का. रक्त असेल किंवा लघवी होत नसेल तर दुखापत मूत्रमार्गाची असू शकते, आणि मग जोर न करता लगेच रुग्णालयात जावे.

मेडिकल किंवा मेयो ही नागपूरची सरकारी रुग्णालये असोत की घराजवळचे खासगी रुग्णालय, रात्री आकस्मिक विभागात पोचल्यावर तिथल्या तरुण डॉक्टरला "तिकडे लागले" एवढे सांगून भागत नाही. मार किती वाजता लागला, दुखणे किती वाजता निवले, पुन्हा किती वाजता सुरू झाले, सूज त्याआधी की त्यानंतर, आणि मुलाने शेवटचे केव्हा खाल्ले, या वेळा वहीत किंवा मोबाइलवर लिहून नेल्या तर सोनोग्राफी आधी की थेट शस्त्रक्रिया, हे ठरवायला पाच मिनिटे पुरतात. विकेटकीपरच्या वेळा आम्हाला त्याच्या मित्राकडून मिळाल्या, कारण उलटी झाली तेव्हा कितवे षटक चालू होते, ते त्याला नेमके आठवत होते.