706 लिहायचं की 700?

कॅलरी मोजणारं ॲप दुपारच्या जेवणापुढे 706 असा आकडा दाखवतं. त्यातल्या शेवटच्या 6 ला कितपत आधार असतो, हे बघायचं तर आकडा तयार कसा होतो तिथपासून सुरुवात करावी लागते.

प्रथिनं आणि कर्बोदकं यांच्या एका ग्रॅमला 4 कॅलरी, स्निग्ध पदार्थांच्या ग्रॅमला 9, हे गुणक अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या कामातून आले. ते सरासरीचे आहेत. प्रत्येक पदार्थाला तंतोतंत लागू पडतीलच असं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या शास्त्रज्ञांनी 2012 मध्ये दाखवलं, की 28 ग्रॅम बदामांतून हिशेबाने सुमारे 170 कॅलरी मिळायला हव्यात, पण शरीराच्या हाती 129 च लागतात. बाकीची चरबी बदामाच्या पेशींतच अडकून न पचता बाहेर पडते. म्हणजे तराजू कितीही चांगला असला, तरी गुणकातली ही चूक राहतेच.

आता आपलं साधं ताट घेऊ. दोन पोळ्या, प्रत्येकी 30 ग्रॅम कणीक आणि वर अर्धा चमचा तेल: 240. बटाट्याची भाजी 180. वरण आणि त्यावर चमचाभर तूप: 130. वाटीभर भात 156. बेरीज 706.

यातला प्रत्येक आकडा अंदाजाचा आहे. पोळी जाड लाटली गेली तर एकीमागे 20 इकडेतिकडे, आणि दोन्ही पोळ्या एकाच हातच्या असल्याने चूकही एकाच बाजूला, म्हणून एकूण 40. भाजीतलं तेल डोळ्यांनी दिसत नाही, तिथे 50. वरण घट्ट की पातळ यावर 25. भाताच्या वाटीत 30. या चार चुका सरळ मिळवल्या तर 145 होतात, पण त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत. एक जास्त निघाली तर दुसरी कमी निघू शकते. अशा वेळी चुकांचे वर्ग मिळवून बेरजेचं वर्गमूळ काढतात. इथे ते 75 येतं. म्हणजे हे जेवण साधारण 630 ते 780 च्या दरम्यान कुठेतरी आहे.

या 706 चं जवळच्या पन्नासात 700 केलं तर किती बिघडतं? पन्नासाने पूर्णांक करण्यात साधारण 14-15 कॅलरींची चूक नव्याने येते. ती त्याच पद्धतीने 75 मध्ये मिसळली, की एकूण चूक होते 76. एकाचाच फरक! शंभराने पूर्णांक केला तरी ती 80 च्या आसपासच जाते. त्यामुळे एका जेवणाच्या बेरजेसाठी पन्नासाची पायरी मला पुरेशी वाटते, आणि एकेका पदार्थासाठी दहाची.

मात्र पूर्णांक कधी करायचा, याला महत्त्व आहे. दूध-साखरेचा छोटा कप चहा धरा 65 कॅलरींचा. दिवसातून तीन कप घेणाऱ्याने प्रत्येक कपाला पन्नासाने पूर्णांक केला, तर नोंदीत 150 येतात, खरे असतात 195. रोज 45 कमी, आणि रोज एकाच बाजूला. म्हणून आधी तिनाने गुणायचं, मग 200 लिहायचं. जी गोष्ट रोज खाल्ली जाते तिच्या बाबतीत ही खबरदारी हवीच, कारण तिथली चूक दुसऱ्या दिवशी उलटी पडून फिटत नाही.

हाच मुद्दा तेलाला सर्वांत जास्त लागू होतो. वाटीतला भात कधी जास्त, कधी कमी निघतो, आणि आठवड्याच्या सरासरीत ते बरंचसं जिरून जातं. फोडणीचं तेल मात्र लिहिताना बहुतेकदा कमीच धरलं जातं. ते तपासायला तराजूही लागत नाही. समजा चार माणसांच्या घरात महिन्याला तीन लिटर तेल संपतं. तीन लिटर म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास, गुणिले 9, म्हणजे जवळजवळ 24,750 कॅलरी. 30 दिवस आणि चार माणसं यांनी भागलं, की माणशी दिवसाला 200 च्या थोडं वर. तळणीतलं टाकून दिलेलं तेल यातून वजा करायचं, आणि घरात लहान मुलं असतील तर मोठ्यांचा वाटा थोडा जास्त धरायचा.

आता आपल्या नोंदीतल्या पोळ्या, भाज्या आणि आमटीत मिळून दिवसाचं तेल किती धरलंय ते बघायचं. तिथे 120 निघाले, तर राहिलेले 80 «तेल» अशी वेगळी ओळ करून रोज लिहून टाकावेत. महिन्याची पिशवी किंवा डबा संपला, की तो आकडा पुन्हा काढायचा.