गेममधलं मराठी अक्षर: बेळगाव सीमाभागातल्या पहिल्या गेमची पार्श्वभूमी

१२ सप्टेंबर २०२३ रोजी युनिटी हे गेम इंजिन, म्हणजे गेम बांधायचं सॉफ्टवेअर, बनवणाऱ्या कंपनीनं नवं शुल्क जाहीर केलं. कमाई आणि इन्स्टॉल ठरावीक आकड्यापुढे गेले, की नंतरच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे द्यायचे. त्यावर जगभर गदारोळ झाला. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात गेम करायला शिकणाऱ्या मुलांतही तेव्हा हाच विषय होता, आणि गोडो हे मोफत, मुक्त इंजिन अनेकांनी त्याच सुमारास पहिल्यांदा उतरवून घेतलं. आजही इथं कुणाला विचारलं की गोडो का घेतलंस, तर उत्तरात ते शुल्कच येतं.

ते शुल्क आपल्या पोरांपैकी कुणालाही लागू होणार नव्हतं. मूळ प्रस्तावात मोफत परवान्यावरच्या गेमला बारा महिन्यांत दोन लाख डॉलरची कमाई आणि एकूण दोन लाख इन्स्टॉल, या दोन्ही अटी होत्या. पहिला छोटा गेम करणाऱ्याला त्यातली एकही गाठता येत नाही. दहाच दिवसांत कंपनीनं मोफत परवाना त्यातून वगळला आणि बरोबर वर्षभरानं, सप्टेंबर २०२४ मध्ये, गेमसाठीचं ते शुल्कच रद्द केलं. ज्याला नोकरी करायची होती त्यानं तेव्हा युनिटी सोडायचं काहीच कारण नव्हतं, कारण बेंगळुरू-पुण्यातल्या मोबाइल गेमच्या कामांत युनिटीच चालत होतं आणि अजूनही बरंचसं तेच चालतं. माझ्या मते आपल्याकडच्या मुलांसाठी २०२३ मधली मोठी घटना त्याआधीच, मार्चमध्ये, घडून गेली होती. तिची चर्चा फारशी झाली नाही. १ मार्च २०२३ ला गोडो ४.० आलं आणि त्यात मराठी नीट उमटू लागली.

यासाठी थोडं मागे जावं लागतं. सीमाभागात गेमला लागणारी तीन कौशल्यं फार पूर्वीपासून आहेत, पण ती वेगवेगळ्या ठिकाणी वाढली. प्रोग्रॅमिंग इंजिनिअरिंग कॉलेजात होतं. कर्नाटकाच्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालयच १९९८ पासून बेळगावात आहे. चित्रकला डीटीपीच्या दुकानात होती, लग्नपत्रिका, गणेश मंडळांचे फलक आणि पुढे फ्लेक्स करणाऱ्यांच्या हातात. गोष्ट सांगणं एकांकिकांत आणि वाचनालयांच्या कथास्पर्धांत होतं. ही माणसं एका टेबलावर येत नव्हती, आणि आली तरी गोष्टीची भाषा पडद्यावर आणायची सोय नव्हती.

डीटीपीवाल्यांनी या अडचणीवर आपला तोडगा काढला होता. त्यांचे जुने मराठी फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक ठरलेला अंक देणाऱ्या जगभरच्या पद्धतीचे, नव्हते. इंग्रजी कळांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत: एका कळीवर अर्धा ल, दुसरीवर पहिली वेलांटी, तिसरीवर रफार. ऑपरेटर जसं दिसतं तसं टाइप करायचा, म्हणजे वेलांटी आधी आणि च नंतर. संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची रांगच असल्यामुळे कुठलाही प्रोग्रॅम ती बिनतक्रार दाखवायचा. फ्लॅशच्या काळात ज्यांनी मराठी मजकूर असलेले छोटे खेळ केले, त्यांनी हाच मार्ग धरला. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद झालं आणि ते खेळ ब्राउझरमधून गेले.

युनिकोडमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमानं साठवली जातात. ‘चिल्लर’ या शब्दात आधी च, मग वेलांटी, मग ल, हलन्त, ल आणि र. वेलांटी च च्या डावीकडे नेणं, दोन ल जोडणं, ‘गर्दी’तला रफार द वर चढवणं, हे काम पडद्यावर दाखवताना वेगळ्या सॉफ्टवेअरनं करायचं असतं. त्याला शेपिंग म्हणतात. ब्राउझर आणि फोन ते करतात, म्हणून आपल्याला ते जाणवत नाही. युनिटीत मजकूर दाखवायला सगळीकडे वापरला जाणारा टेक्स्टमेशप्रो हा भाग मात्र एका युनिकोड अंकाला एक आकृती, एवढंच जाणतो. अर्ध्या ल ला स्वतःचा अंकच नाही, त्यामुळे ती आकृती फॉन्टमध्ये असूनही त्याला ती मागता येत नाही. परिणामी ‘चिल्लर’मधली वेलांटी च च्या उजवीकडे पडते आणि ‘सुट्टे’ पाय मोडलेल्या ट सह दिसतं. गोडोच्या ३ क्रमांकाच्या आवृत्त्यांतही हेच व्हायचं.

त्या वर्षांत इथल्या मुलांपुढे तीन वाटा होत्या. युनिकोड मजकूर जुन्या फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत बदलून घ्यायचा; मग मराठी दिसते, पण त्याच ओळीत इंग्रजी शब्द आला की त्याचा कचरा होतो, आणि कन्नडसाठी पुन्हा वेगळा खटाटोप. दुसरी वाट म्हणजे प्रत्येक संवाद चित्र म्हणून काढायचा. मग एक काना चुकला तरी चित्रकाराला फाइल पुन्हा उघडावी लागते. तिसरी वाट इंग्रजीची. बहुतेकांनी ती धरली. बेळगावच्या गल्लीतली गोष्ट इंग्रजी संवादांत गेली आणि गोष्ट लिहिणाराच गटातून बाहेर पडला, कारण त्याची मराठी तिथं कामाची राहिली नाही. या भागात गेमच्या लेखनाकडे करिअर म्हणून कुणी वळलं नाही, त्यामागचं हे मोठं कारण आहे असं मला ठामपणे वाटतं.

गोडो ४ नं शेपिंगसाठी हार्फबझ ही मुक्त लायब्ररी आत घेतली. युनिटीतही सहाव्या आवृत्तीच्या सुमारास तशी सोय येऊ लागली, पण ती यूआय टूलकिट या पडद्यावरची बटणं-चौकटी मांडायच्या नव्या पद्धतीच्या बाजूनं; टेक्स्टमेशप्रोवर बांधलेल्या जुन्या धड्यांना तिचा उपयोग नाही.

नंतर काय घडतं ते एका गटाच्या पहिल्या गेमवरून सांगतो. तिघं जण: प्रोग्रॅमिंग करणारा उद्यमबागजवळ शिकणारा, चित्रं काढणारी शहापुरात डीटीपी करणारी, लिहिणारा खानापूरकडचा. गेम बसकंडक्टरचा. बेळगावहून खानापूरला जाणारी एक फेरी, प्रवासी चढतो, वाटेतल्या मच्छे गावासाठी ‘एक मच्छे द्या की ओ’ म्हणतो, नोट पुढे करतो. खेळणाऱ्यानं तिकीट आणि उरलेले पैसे द्यायचे. सुटे संपले की बोलून वेळ मारायची, आणि कुणाला काय बोललात ते परतीच्या प्रवाशाला आठवतं. आधी गोव्यापर्यंतचा रस्ता, पाऊस, बिघडलेली गाडी असं सगळं ठरलं होतं. ते सोडून एक फेरी, पाच थांबे, बारा प्रवासी आणि दहा मिनिटांचा खेळ एवढ्यावर आले, म्हणून तो पूर्ण झाला.

संवाद त्यांनी कोडमध्ये लिहिले नाहीत. `keys,mr,kn,en` असा मथळा असलेल्या एका सीएसव्ही फाइलमध्ये ठेवले. प्रत्येक ओळीला एक खूण, पुढे मराठी, कन्नड, इंग्रजी. लिहिणारा ती फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडून वाक्यं बदलायचा, कोडला हात लावावा लागत नव्हता. एकदा सगळी मराठी प्रश्नचिन्हांत बदलली, कारण एक्सेलमधून जतन करताना साधं सीएसव्ही निवडलं होतं. यादीतला यूटीएफ-८ चा पर्याय घ्यावा लागतो.

दुसरी अडचण संवाद एकेक अक्षर उमटवण्याची. नेहमीच्या पद्धतीनं मजकूर आधी कापला जातो आणि मग जुळवला जातो, त्यामुळे ‘सुट्टे’ उमटताना आधी सु, मग सुट, मग सुट्, मग सुट्ट असं थरथरत येतं. गोडोत आधी जुळवून मग दाखवायची सोय आहे:

```
extends Label

func _ready():
    language = "mr"
    visible_characters_behavior = TextServer.VC_CHARS_AFTER_SHAPING
    visible_ratio = 0.0
    create_tween().tween_property(self, "visible_ratio", 1.0, 2.0)
```

यात जोडाक्षर पूर्ण झाल्यावरच दिसतं. `language` मध्ये `mr` दिल्यानं, फॉन्टमध्ये सोय असेल तर, ल आणि श हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाचे येतात.

खरा घोळ शेवटी झाला. संगणकावर सगळं उत्तम दिसत होतं. ब्राउझरसाठी गेम बाहेर काढला आणि प्रत्येक संवादाच्या जागी रिकामे चौकोन आले. गोडोच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही. संगणकावर तो गुपचूप विंडोजचा फॉन्ट उसना घेतो, वेबवर तशी उसनवारी होत नाही. इलाज सोपा आहे: नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता यांसारखा मुक्त परवान्याचा फॉन्ट प्रोजेक्टमध्येच ठेवायचा आणि कन्नडचा फॉन्ट त्याला फॉलबॅक, म्हणजे पहिल्यात अक्षर नसेल तेव्हा वापरायचा फॉन्ट, म्हणून जोडायचा. पण हा दोष बाहेर काढलेला गेम दुसऱ्या फोनवर उघडल्याशिवाय कळत नाही, म्हणून पहिल्याच आठवड्यात एक रिकामा पडदा आणि त्यावर ‘किल्ल्याजवळ गर्दी, पुढे दऱ्या’ अशी एक ओळ, एवढंच बाहेर काढून पाहावं. वेलांटी, रफार आणि ऱ्या, तिन्ही त्यात तपासून होतात.

चित्रकाराचंही काम यात बदललं. तिनं पडदा ६४० बाय ३६० चा, जाड पिक्सेलांचा ठरवला होता. त्या मापात इंग्रजी वाचता येते, पण ‘ल्ल्या’ आणि ‘ट्ट्या’ यांचे ठिपके एकमेकांत मिसळतात. शेवटी चित्रं त्याच मापात राहिली आणि अक्षरं वरच्या थरावर पूर्ण रिझोल्यूशनमध्ये आली. संवादाची चौकटही उंच करावी लागली, नाहीतर ‘र्दी’वरचा रफार कापला जात होता.

सरकारी बाजू थोडक्यात. अॅनिमेशन आणि गेमिंगसाठी कर्नाटकानं २०१२ मध्ये धोरण आणलं, नवं २०२४ मध्ये. महाराष्ट्राचं २०२५ मध्ये आलं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, आणि रमी-फँटसी कंपन्यांतल्या नोकऱ्या, ज्या या भागातल्या प्रोग्रॅमरांना बेंगळुरूत सहज मिळायच्या, आटल्या. फक्त कोड येणाऱ्याला याचा फटका जास्त बसला.

कंडक्टरच्या गेममधला लिहिणारा आता दुसऱ्यांच्या गेमची मराठी आणि कन्नड तपासून देतो. या कामाला लोकलायझेशन टेस्टिंग म्हणतात: खेळून पाहायचं, कुठं अक्षर तुटलं, कुठं वाक्य चौकटीबाहेर गेलं, कुठं ‘तुम्ही’च्या जागी ‘तू’ आलं ते पडद्याच्या चित्रासह नोंदवायचं. काम मागताना तो त्या बसच्या फेरीची लिंक आणि सीएसव्ही फाइल, दोन्ही पाठवतो.