मे महिन्यात हलकी पडणारी चुन्याची निवळी

जानेवारीत प्रयोगशाळेचं तापमान २० अंश असताना २५ मिलीलिटर चुन्याच्या निवळीला आमच्याकडे ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ११.७ मिलीलिटर लागायचं. मे महिन्यात, नागपूरचं ऊन मागच्या खोलीत शिरून पारा ४० वर गेला की तीच बाटली, तळाला तोच चुना, आणि फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग साडेनऊ मिलीलिटरलाच गायब. पोरं पिपेटला दोष द्यायची. पहिल्या वर्षी मीही दिला होता.

चूक पिपेटची नव्हती. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की चुना उलटा वागेल असं वाटतच नाही. लिटरभर पाण्यात २० अंशाला साधारण १.७३ ग्रॅम चुना विरघळतो, ४० अंशाला १.४ च्या आसपास, आणि उकळत्या पाण्यात त्याहून बराच कमी. (चुना म्हणजे Ca(OH)2. काटेकोर रसायनवाले त्याला क्षार न म्हणता आम्लारी म्हणतील, पण अल्पविद्राव्य क्षारांचा हिशेब इथे जसाच्या तसा लागू पडतो.)

कारण असं, की चुना विरघळताना उष्णता बाहेर पडते, मोलमागे सुमारे १६.७ किलोज्यूल. चुनकळीवर पाणी टाकल्यावर जे रटरट उकळतं ते हे नव्हे. ती चुना तयार होतानाची उष्णता, आणि ती कितीतरी मोठी. इथली उष्णता हाताला जाणवणारही नाही, पण दिशा ठरवायला ती पुरते. विरघळण्यातून उष्णता निघत असेल, तर बाहेरून उष्णता दिल्यावर तोल उलटीकडे, म्हणजे घन चुन्याकडे झुकतो. व्हॅन्ट हॉफच्या समीकरणात हा १६.७ चा आकडा घालून २० वरून ४० वर गेलो, तर उत्तर येतं लिटरला दीड ग्रॅम. प्रत्यक्षात त्याहून थोडं कमीच विरघळतं, कारण ही विरघळण्याची उष्णता, म्हणजे एन्थाल्पी, स्वतःही तापमानाबरोबर सरकते. दिशा अचूक, माप थोडं तोकडं.

आता तापमान २० वरच ठेवू आणि पाण्यात आधीच कोणीतरी बसलेलं असू दे. संपृक्त निवळीत कॅल्शियमचे आयन लिटरला ०.०२३३ मोल असतात आणि हायड्रॉक्साइडचे त्याच्या दुप्पट. कॅल्शियमचा आकडा गुणिले हायड्रॉक्साइडच्या आकड्याचा वर्ग, हा गुणाकार साधारण ०.००००५ येतो, आणि घन चुना तळाला आहे तोवर तो जवळपास तेवढाच राहतो. पाण्यात आधीच ०.१ मोलर कॅल्शियम क्लोराइड असेल, तर गुणाकार सांभाळण्यासाठी चुना लिटरला ०.८ ग्रॅमच विरघळेल. त्याऐवजी ०.१ मोलर कॉस्टिक सोडा असेल, तर जेमतेम ०.३ ग्रॅम. सोड्याचा दाब जास्त पडतो, कारण गुणाकारात हायड्रॉक्साइडचा वर्ग आहे. हाच समआयन परिणाम. कॅल्शियम क्लोराइडच्या बाबतीत खरा आकडा हिशेबापेक्षा काहीसा जास्त येतो, कारण आयनांची गर्दी वाढली की ते एकमेकांना झाकू लागतात. याच कारणाने पुस्तकातला विद्राव्यता गुणाकार सरळ वापरला, तर साध्या पाण्यातली विद्राव्यताही खरीच्या निम्मीच निघते.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल, तर नितळ निवळीत कॉस्टिक सोड्याचं तीव्र द्रावण थेंबाथेंबाने घाला. पांढरा गढूळपणा येतो. पण एक फसगत इथे नेहमी होते. सोड्याची बरणी उघडी राहिली असेल, तर त्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतलेला असतो आणि त्यातल्या कार्बोनेटमुळे चुना नव्हे, खडू खाली बसतो. दिसायला दोन्ही सारखेच. साका गाळून, धुऊन त्यावर आम्ल टाका: बुडबुडे आले तर त्यात खडू आहे, मुकाट विरघळला तर तो चुनाच.

निवळी तापवतानाही हाच गोंधळ होतो. भरलेली, घट्ट बुचाची बाटली गरम पाण्यात ठेवली तर आतली निवळी धुरकट होते. ती थंड करून हलवत राहिलं आणि तासाभरात पुन्हा नितळ झाली, तर तो तापमानाचा खेळ. गढूळपणा गेलाच नाही, तर मात्र हवा आत शिरली होती.

मे महिन्यातल्या त्या साडेनऊवर नंतर आम्ही उपाय केला तो साधा. तळाला चुना असलेली बाटली आदल्या रात्री २० अंशाच्या पाण्यात ठेवायची, मधूनमधून हलवायची, आणि सकाळी गाळायची तीही थंड असतानाच, गाळणकागद आणि चंबूसुद्धा थंड करून. एकदा घाईत कोणीतरी गाळलंच नाही, न विरघळलेले कण तसेच पिपेटमध्ये आले, आणि आकडा निघाला तेरा. त्या दिवशी पोरं खूश होती, चुना उन्हाळ्यातही जास्त विरघळतो म्हणून.