ब्युटी फिल्टर आणि स्वप्रतिमा

फोनच्या कॅमेऱ्यात किंवा ॲपमध्ये चेहरा आपोआप गुळगुळीत, उजळ, बारीक करून दाखवणाऱ्या सोयीला ब्युटी फिल्टर म्हणतात, हे सगळ्यांना माहीतच आहे. या नोंदीत मुख्यतः त्याच्या परिणामाबद्दल, म्हणजे स्वतःचा खरा चेहरा कसा आहे याचा माणसाचा अंदाज कसा सरकत जातो त्याबद्दल.

हा परिणाम फिल्टरमधल्या चेहऱ्यासारखं दिसायला ऑपरेशन मागण्यापर्यंत गेला की त्याला 'स्नॅपचॅट डिस्मॉर्फिया' असं नाव पडलंय. ते कोणी पाडलं याचं श्रेय साधारणपणे टिजिऑन एशो या ब्रिटिश कॉस्मेटिक डॉक्टरला देतात, बहुधा २०१८ च्या सुरुवातीच्या बातम्यांवरून. पण नाव जगभर पोचलं ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बॉस्टनच्या एका त्वचारोग विभागातल्या तिघांनी जामा या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकांच्या समूहातल्या फेशियल प्लास्टिक सर्जरीच्या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला तेव्हा. हा लेख म्हणजे पाहणी किंवा प्रयोग नव्हता, मतप्रदर्शन होतं, आणि पुढे ज्याने त्याने तो 'संशोधनात सिद्ध झालंय' म्हणून उद्धृत केला, तिथे जरा घोळ आहे. त्यातला गाजलेला आकडा अमेरिकेतल्या फेशियल प्लास्टिक सर्जनच्या संघटनेचा: सेल्फीत बरं दिसावं म्हणून ऑपरेशन मागणारे पेशंट आपल्याकडे येतात असं २०१५ ला ४२ टक्के सर्जन म्हणाले होते, २०१७ ला ५५ टक्के. लक्षात घ्या, ही टक्केवारी सर्जनची आहे, पेशंटची नाही.

मानसोपचाराच्या डीएसएम-५ या वर्गीकरणात हे नाव नाही. तिथे आहे तो बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर, म्हणजे दुसऱ्याला दिसतही नाही किंवा जेमतेम दिसतो अशा व्यंगाचा ध्यास. त्याचं वर्णन इटलीच्या एन्रिको मॉर्सेली या मनोविकारतज्ज्ञाने फार आधी केलं होतं, साल बहुतेक ठिकाणी १८९१ देतात, काही ठिकाणी १८८६. हा आजार साधारण २ टक्के लोकांत आढळतो, कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये त्याहून बराच जास्त. फिल्टरमुळे हा आजार होतो असं म्हणणारे आहेत, आणि ज्यांना आधीच चेहऱ्याची चिंता आहे तेच फिल्टर जास्त वापरतात असं म्हणणारेही आहेत. उपलब्ध अभ्यास बहुतेक एकाच वेळी घेतलेल्या प्रश्नावल्यांवरचे, त्यातून आधी काय आणि नंतर काय ते कळत नाही, म्हणून दुसरा पक्ष जास्त सावध वाटतो.

या सगळ्या वादात एक गोष्ट मागे पडते. लोक फिल्टरच्या फोटोची तुलना ज्याच्याशी करतात तो 'खरा' चेहरा बहुतेक वेळा फिल्टर नसलेला सेल्फी असतो, आणि तोही खरा नसतो. कॅमेऱ्यापासून जी गोष्ट जितकी जवळ तितकी ती मोठी येते. समजा नाकाचं टोक कॅमेऱ्यापासून ३० सेंमी आहे आणि कान त्याच्या १२ सेंमी मागे, म्हणजे ४२ वर. ४२ भागिले ३० म्हणजे १.४, म्हणून नाक कानाच्या तुलनेत ४० टक्के मोठं उमटतं. तोच फोटो दुसऱ्या कोणीतरी दीड मीटरवरून काढला तर १६२ भागिले १५०, म्हणजे जेमतेम ८ टक्के. २०१८ मध्येच काही अमेरिकन सर्जन आणि संगणकतज्ज्ञांनी याचं गणिती मॉडेल मांडलं, त्यात १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत गालांच्या रुंदीच्या मानाने नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं आणि ५ फुटांवर हा फरक जवळजवळ राहत नाही असं निघालं. लोक दोष भिंगाला देतात, पण खरा दोष अंतराचा आहे, वाइड अँगल भिंग फक्त जवळ धरायला भाग पाडतं.

आता फिल्टर काय करतो? चेहऱ्यावरचे ठरावीक बिंदू शोधतो (डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या, जबड्याची कड), त्यावर त्रिकोणांची जाळी बसवतो, जाळी ओढून नाक अरुंद आणि जबडा बारीक करतो, वरून त्वचेचा पोत पुसतो पण कडा शाबूत ठेवतो. म्हणजे नाक बारीक करताना तो काही अंशी जवळच्या अंतराने झालेली फुगवटच परत काढत असतो, पण तिथे थांबत नाही, पुढे जातो. आणि बघणाऱ्याला वाटतं की आपलं नाक इतकं मोठं आहे आणि असं व्हायला हवं, तर यातलं 'इतकं मोठं' हेच चुकीचं असतं. सर्जनकडे सेल्फी घेऊन जाणाऱ्याची अडचण ही आहे, म्हणून दीड मीटरच्या आसपासून काढलेला साधा फोटो शेजारी ठेवून बोलणी केलेली बरी.

फिल्टर लागलाय हे ओळखायचं तर चेहऱ्याऐवजी आजूबाजूला बघावं: गालाजवळची दाराची चौकट वाकलेली असते, मानेवर त्वचेची बारीक छिद्रं दिसतात आणि गालावर नाही, तोंडासमोरून हात नेला की जाळी क्षणभर घसरते. २०२३ मध्ये टिकटॉकवर आलेल्या 'बोल्ड ग्लॅमर' या फिल्टरने ही शेवटची खूण जवळजवळ मोडीत काढली.

स्वप्रतिमा मुळातही फार काटेकोर नसते. १९७७ च्या एका प्रयोगात लोकांनी स्वतःचा आरशातल्यासारखा उलटा फोटो पसंत केला, तर त्यांच्या जवळच्यांनी सुलटा, कारण ज्याला जे रोज दिसतं ते त्याला बरं वाटतं. २००८ मध्ये एप्ली आणि व्हिटचर्च या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की स्वतःच्या फोटोत देखण्या चेहऱ्याची थोडी भेसळ केली की लोक तोच आपला म्हणून निवडण्याकडे झुकतात. दोन्ही प्रयोग फोनवरच्या फिल्टरच्या आधीचे, पण दोन्ही जोडून पाहिले तर एवढं म्हणता येतं की सुधारलेला चेहरा रोज दिसू लागला की तोच ओळखीचा होतो आणि बाथरूमच्या आरशातला परका वाटू लागतो. डॉक्टर यातला साधा त्रास आणि आजार वेगळा करताना विचारतात की या विचारात दिवसाचा तासाहून जास्त वेळ जातो का, आणि त्यापायी कामधंदा, भेटीगाठी टाळल्या जातात का. उत्तर हो असेल तर ऑपरेशनने सहसा समाधान होत नाही, ध्यास नाकावरून हनुवटीवर जातो, उपयोग होतो तो विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणाऱ्या सीबीटी नावाच्या समुपदेशनाचा आणि काही अँटिडिप्रेसंट औषधांचा.

फिल्टरच्या इतिहासाबद्दल थोडक्यात: चीनचं मेइतू २००८ पासून, इस्रायलचं फेसट्यून २०१३ पासून, आणि स्नॅपचॅटने लुकसरी ही कंपनी विकत घेऊन चेहऱ्यावर थेट बसणारे 'लेन्स' नावाचे फिल्टर आणले ते सप्टेंबर २०१५ मध्ये. जाहिरातीतल्या फोटोत शरीर बदललं असेल तर तसं लिहिण्याची सक्ती नॉर्वेत जुलै २०२२ पासून आहे.

आपल्याकडे जून २०२० मध्ये केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली त्यात टिकटॉकबरोबर ब्युटीप्लस आणि मेइतू ही चेहरा सजवणारी ॲपही गेली, अर्थात कारण माहितीच्या सुरक्षेचं होतं, चेहऱ्याचं नाही. लग्नाच्या बायोडेटातला फोटो आणि कांदेपोह्यांना समोर आलेली व्यक्ती यातली तफावत हा घरोघरचा विषय, पण स्टुडिओवाले रिटचिंग करायचे तेव्हाही तो होताच, फरक इतकाच की रिटच केलेला फोटो वर्षातून एकदा बघितला जायचा. काही फोनच्या कॅमेऱ्यात ब्युटी मोड विकत घेतानाच चालू असतो आणि तो त्वचा गुळगुळीत करताना रंगही उजळवतो, तेव्हा आपण फिल्टर लावलाय हेच वापरणाऱ्याला माहीत नसतं. गूगलने २०२० मध्ये पिक्सेल फोनवर सेल्फीची ही सोय मुळात बंद ठेवायचं ठरवलं, आणि 'ब्युटी'सारखे शब्द काढून चालू-बंदच्या बटणांना साधी नावं दिली.