जन्माचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा: पहिल्या पासपोर्टला लोक नेमके कुठं अडकतात

सोलापुरात फॉर्म भरून द्यायचं माझं छोटं सेंटर आहे आणि आठवड्यातून दोन-तीन जण तरी आधार कार्ड टेबलावर ठेवून म्हणतात, दादा यात सगळं आहे, पत्ता पण आहे जन्मतारीख पण आहे, भरून टाका. नाही हो, एवढ्यावर नाही भरता येत. आधारावरच आता छापलेलं असतं की हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही. पत्त्यासाठी चालतं, आणि तेही तुम्ही खरंच त्या पत्त्यावर राहत असाल तरच.

पत्त्याचा पुरावा तुम्हाला माहितीच आहे म्हणून पटकन सांगतो. आधार, मतदार कार्ड, लाइट बिल, गॅसचं कार्ड, चालू खात्याचं फोटोवालं पासबुक, रजिस्टर केलेला भाडेकरार, यातलं जे तुमच्या नावावर आहे ते.  

खरा घोळ वेगळा आहे. आपल्याकडं "गाव कुठलं?" विचारलं की माणूस वडिलांचं गाव सांगतो. फॉर्ममध्ये मात्र हा प्रश्न तीन ठिकाणी तीन अर्थांनी येतो. जन्म कुठं झाला, आत्ता कुठं राहता, आणि कायमचा पत्ता काय. लोक तिन्हीकडं एकच गाव टाकतात आणि मग कागद एकमेकांशी भांडायला लागतात.

आमच्या ओळखीतल्या एका मुलीचं सांगतो, नाव नको. वडिलांचं गाव अक्कलकोट तालुक्यात. आईचं माहेर इंडी, म्हणजे कर्नाटकात, आणि पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून जन्म इंडीचा. आपल्या सीमेवरच्या घरांत हे फार कॉमन आहे. आता ती भावाबरोबर सोलापूर शहरातल्या जुळे सोलापूर भागात भाड्यानं राहते, दोन वर्षं झाली. आधार गावाकडचं. जन्म दाखल्यावर 23 ऑगस्ट 2002, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 1 जून 2002, कारण पहिलीत घ्यायला वय बसावं म्हणून गुरुजींनी 1 जून लावून टाकलेली. आधार शाळेच्या दाखल्यावरून काढलेलं, म्हणून तिथंही 1 जून, पॅनवरही तेच.

तिचं म्हणणं, तीन कागदांवर 1 जून आहे आणि एकावरच 23 ऑगस्ट, मग जास्त जिकडं तिकडंच जाऊ ना. हीच चूक सगळे करतात. कागद मोजायचे नसतात, कुठल्या कागदावरून कुठला निघाला ते बघायचं असतं. आधार आणि पॅन हे शाळेच्याच दाखल्याची पोरं, म्हणजे साक्षीदार तीन दिसले तरी एकच आहे. जन्म दाखला स्वतंत्र आहे, जन्म झाल्यावर तिथल्या निबंधकानं केलेली नोंद आहे ती.

पण जन्म दाखला हातात आला की लगेच विश्वास ठेवायचा नाही, त्यावर दोन वेगळ्या तारखा असतात त्या वाचायच्या. एक नोंदणीची तारीख आणि एक दाखला दिल्याची. दाखला कालच काढलेला असला तरी काही बिघडत नाही. नोंदणी कधीची आहे ते महत्त्वाचं. जन्माची खबर 21 दिवसांत द्यायची असते, तिची नोंद सप्टेंबर 2002 ची होती, म्हणजे त्या वेळचा पक्का कागद. ज्यांची नोंदच नाही त्यांनी पासपोर्टसाठी घाईघाईत उशिराची नोंद करायला जाऊ नका, एक वर्षानंतर त्याला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. 1 ऑक्टोबर 2023 च्या आधी जन्मलेल्यांना फक्त जन्म दाखल्याचीच सक्ती नाही, शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेट चालतं, आणि नोंदच नसेल तर तुमच्यासाठी तोच कागद बरोबर. पण खरी नोंद घरात पडलेली असताना ती लपवून दुसरी तारीख लावणं मला अजिबात मान्य नाही. पासपोर्ट कायद्यात खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे, आणि एकदा पासपोर्टवर तारीख छापली की ती बदलायला जी पायपीट होते ती मी बघितलीय.

म्हणजे जन्माचा कागद आधी ठरवायचा आणि बाकीचे कागद त्याच्याकडं वळवायचे, उलटं नाही. जन्म एकदाच झाला, पत्ता उद्याही बदलेल. आधारचा नियमसुद्धा असाच आहे बघा, पत्ता कितीही वेळा बदलता येतो, जन्मतारीख मात्र एकदाच. म्हणून आधी पक्कं ठरवा आणि मगच ती एक संधी वापरा. एक जण माझ्याकडं आला होता, त्यानं ती शाळेच्या तारखेवर वापरून टाकली आणि नंतर जन्म दाखला सापडला.

तर तिचं आम्ही असं केलं. जन्म दाखल्यावरून आधारची तारीख दुरुस्त, मग पॅन, आणि रजिस्टर भाडेकरारावरून आधारचा पत्ता जुळे सोलापूरचा. नवीन आधार डाउनलोड झाल्यावरच फॉर्म उघडला. जन्मस्थळात इंडी, जिल्हा विजयपूर, राज्य कर्नाटक. लोक इथं महाराष्ट्र टाकतात, कारण आपण महाराष्ट्राचे. पण तो रकाना तुम्ही कुठले हे विचारत नाही, दाखल्यावर काय आहे ते विचारतो. सध्याचा पत्ता जुळे सोलापूर, कायमचा पत्ता गावाकडचा.

सध्याच्या पत्त्यात गाव टाकलं असतं तर काय झालं असतं? पोलीस व्हेरिफिकेशन ग्रामीणकडं गेलं असतं, हवालदार गावात विचारायला गेला असता आणि चुलत्यांनी खरं तेच सांगितलं असतं की पोरगी सोलापुरात असते. राहत नाही असा शेरा पडला की फाइल अडकते. जुळे सोलापूर टाकल्यामुळं व्हेरिफिकेशन शहर पोलिसांकडं, विजापूर नाका ठाण्यात गेलं आणि ती घरीच सापडली.

राहिलं दहावीचं सर्टिफिकेट, त्यावर 1 जूनच आहे. शाळा सोडल्यावर तिथली तारीख बदलणं फार अवघड, तो वेगळा मार्ग आहे, शाळेपासून सुरू होतो. अपॉइंटमेंटच्या दिवशी पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात काउंटरवर तारखेचं विचारलंच. तिनं दोन्ही कागद समोर ठेवले आणि जे होतं ते सांगितलं, की नोंद 2002 ची आहे आणि शाळेत अंदाजे लावलीय. तिचं काम झालं. निर्णय तिथल्या अधिकाऱ्याचा असतो, ते आणखी कागद मागू शकतात आणि तोवर फाइल होल्डवर राहते, म्हणून व्हिसाची किंवा ॲडमिशनची तारीख डोक्यावर असताना हे करायला घेऊ नका, तीन-चार महिने हातात ठेवा. आणि जाताना जन्म दाखल्याची ओरिजिनलच न्या, लॅमिनेशन न करता, मागची बाजूही वाचता आली पाहिजे.